लग्नपत्रिका स्पॅनिशमध्ये काढायची, तर 'सावधान'चं भाषांतर काय करायचं?

भंडारा जिल्ह्यातली मुलं-मुली आता शिकायला आणि नोकरीला माद्रिद, बार्सिलोना, मेक्सिको सिटी इथपर्यंत पोहोचली आहेत. तिथे मित्र होतात, घरमालकीण आईसारखी होते, ऑफिसातले लोक जवळचे होतात. मग एक दिवस गावाकडे लग्न ठरतं आणि घरात प्रश्न येतो, "त्यांनाही पत्रिका पाठवायची ना?"

पाठवायची तर ती त्यांच्या भाषेत असली तर बरं. इंग्रजी पत्रिका चालते, पण स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेकांच्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही. आणि हे पाहुणे लग्नाला यायचं ठरवणार ते घरात बसून, सगळ्यांशी बोलून.

इथे बहुतेक घरांत एकच गोष्ट केली जाते. मराठी पत्रिका घ्यायची आणि तिचं ओळीला ओळ भाषांतर करायचं. गडबड होते ती इथेच. मराठी पत्रिकेत निम्मा मजकूर असा असतो जो फक्त आपल्या माणसाला कळतो, आणि काही शब्द असे असतात ज्यांचा शब्दशः अर्थ स्पॅनिशमध्ये भलताच होतो. चुकीची पत्रिका गेली की पाहुणा चुकीच्या वेळी येतो, चुकीच्या कपड्यांत येतो, किंवा तीन दिवस वधूच्या वडिलांना दुसऱ्याच नावाने हाक मारतो.

तर अशी पत्रिका नेमकी कशी लिहायची, ते एक उदाहरण घेऊनच बघू.

उदाहरण काय आहे?

समजा, वधू मोहाडी तालुक्यातली. नाव स्नेहा. वर तुमसरचा, नाव निखिल. स्नेहा दोन वर्षं बार्सिलोनात होती. तिला चार लोकांना बोलवायचं आहे. दोघं स्पेनचे, दोघं मेक्सिकोचे. लग्न गुरुवारी, १४ मे रोजी, मुहूर्त सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांचा. हळद आदल्या दिवशी संध्याकाळी. (ही नावं आणि तारखा फक्त समजावण्यापुरत्या.)

स्पॅनिश उच्चार खाली देवनागरीत दिले आहेत. लॅटिन अमेरिकेत जसे उच्चार होतात तसे ते आहेत. स्पेनमध्ये काही 'स' जिभेचं टोक दातांत धरून 'थ'सारखे म्हणतात, पण लिहायचं दोन्हीकडे सारखंच.

आधी काय काढून टाकायचं?

मराठी पत्रिकेत वर कुलदैवत प्रसन्न असतं, मग 'चि.' आणि 'चि. सौ. कां.', मग आजी-आजोबा, मग निमंत्रक म्हणून काका, मामा, आत्या, जावई अशी पंचवीस नावं आणि शेवटी लहान मुलांची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. प्रत्येक नावामागे मानपान आहे, म्हणून मराठी पत्रिकेतून एकही नाव काढता येत नाही.

स्पॅनिश वाचणाऱ्याला मात्र यातलं काहीच कामाचं नाही. त्याला पंचवीस नावांत नवरदेव कोण हेच सापडणार नाही. 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी'ला स्पॅनिशमध्ये जोड नाही. शब्दशः केलं तर 'दीर्घायुषी आणि पती जिवंत राहावा अशी इच्छा असलेली' असं काहीतरी होतं, आणि लग्नाच्या पत्रिकेत मरणाची आठवण कशाला असं त्याला वाटतं.

म्हणून सरळ उपाय असा. मूळ मराठी पत्रिका जशी आहे तशीच पाठवायची, कारण ती सुंदर दिसते आणि आठवण म्हणून ठेवली जाते. तिच्या आत एक वेगळं, एका पानाचं स्पॅनिश पत्र घालायचं. हे पत्र पत्रिकेचं भाषांतर नसतं, ते पाहुण्यासाठी लिहिलेलं निमंत्रण असतं.

पण मूळ पत्रिका पाठवायची तर एका चिन्हाकडे लक्ष द्यायला हवं, ते म्हणजे स्वस्तिक. आपल्याकडे ते कोपऱ्यात असतंच, अंतरपाटावरही कुंकवाने काढलेलं असतं. युरोपातल्या माणसाला ते पाहून आधी हिटलर आठवतो. तिथल्या पोस्टमनच्या हातात, शेजाऱ्याच्या टेबलावर ते पाकीट जाणार आहे. म्हणून पाकिटावर स्वस्तिक नको आणि आतल्या पत्रात एक ओळ हवी की हे हिंदू परंपरेतलं हजारो वर्षांचं शुभचिन्ह आहे आणि मंडपातही दिसेल. गंमत म्हणजे स्पॅनिशमधला 'एस्वास्तिका' हा शब्द संस्कृतच्या 'स्वस्तिक'वरूनच गेलेला आहे.

'सेन्योर रमेश' कोण?

आता नावाची गोष्ट, जी सगळ्यात जास्त वेळा चुकते.

समजा, पत्रिकेत वधूचं नाव 'स्नेहा रमेश' आणि पुढे आडनाव असं छापलं आहे. मराठी माणूस ते कसं वाचतो? स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. स्पॅनिश माणूसही तीन शब्द वाचतो, पण त्याच्याकडे रचना वेगळी आहे. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात. नेहमीच्या पद्धतीत पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. म्हणजे त्याच्या हिशोबात मुलीचं नाव स्नेहा, वडिलांकडचं मुख्य आडनाव 'रमेश' आणि शेवटचं आडनाव आईचं.

मग तो भंडाऱ्यात उतरल्यावर तिच्या भावाला 'सेन्योर रमेश' म्हणणार, काकांनाही 'सेन्योर रमेश' म्हणणार. आणि जावयाच्या घरच्यांनाही त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारणार.

उपाय सोपा आहे. स्पॅनिश पत्रात मधलं नाव वापरायचंच नाही. नाव आणि आडनाव एवढंच. आईवडिलांची नावं वेगळ्या ओळीत, 'स्नेहाचे आईवडील' असं सांगून.

याच्याच जोडीची आणखी एक गोष्ट. स्पेनमध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. आपल्याकडे काही घरांत तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहितात. तो विधी घरात होणार असेल तर पाहुण्याला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर त्याला वाटतं आपण दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आलो.

कुठली स्पॅनिश?

स्पॅनिश एकच भाषा असली तरी लग्नालाच तीन शब्द आहेत. स्पेन आणि मेक्सिकोत 'बोदा' म्हणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वेत 'कासामिएन्तो' जास्त चालतं. चिली, पेरू, कोलंबियात लोक बोलताना सहज 'मात्रिमोनिओ' म्हणतात. चूक यातलं काहीच नाही, 'बोदा' सगळीकडे कळतं. स्नेहाचे पाहुणे स्पेन आणि मेक्सिकोचे आहेत, म्हणजे तिला 'बोदा' पुरेल.

खरी अडचण 'तुम्ही'ची आहे. स्पेनमध्ये मित्रांना मिळून 'वोसोत्रोस' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत हा शब्द रोजच्या बोलण्यात नाहीच, तिथे मित्र असो की साहेब, सगळ्यांना 'उस्तेदेस'. मेक्सिकोच्या माणसाला 'वोसोत्रोस' वापरून पत्र गेलं तर त्याला ते चर्चमधल्या जुन्या पुस्तकातल्यासारखं वाटेल. उलट स्पेनच्या मित्राला 'उस्तेदेस' थोडं मानाचं वाटेल, पण निमंत्रणात मान खपून जातो. म्हणून दोन्हीकडचे पाहुणे असतील तर 'उस्तेदेस' ठेवायचं.

पण 'उस्तेदेस' घेतलं की एक खड्डा येतो. स्पॅनिशमध्ये 'सु' या एका शब्दाचा अर्थ 'त्याचा, तिचा, त्यांचा' असाही होतो आणि 'तुमचा' असाही होतो. 'आमची कुटुंबं तुम्हाला त्यांच्या लग्नाला बोलावत आहेत' हे 'सु बोदा' असं लिहिलं, तर वाचणारा ते 'तुमच्या लग्नाला' असंही वाचू शकतो. म्हणजे पाहुण्यालाच त्याच्या लग्नाचं आमंत्रण. म्हणून तिथे सर्वनाम नको, सरळ 'ला बोदा दे स्नेहा इ निखिल', म्हणजे स्नेहा आणि निखिल यांचं लग्न असंच लिहायचं.

'हळद' वाचली की दुकान आठवतं

विधींची नावं मराठीच ठेवावीत, कारण मंडपात पाहुण्याच्या कानावर तीच पडणार आहेत. पण ती रोमन लिपीत लिहिली की एक गंमत होते. स्पॅनिशमध्ये 'एच' हे अक्षर लिहितात, पण उच्चारत नाहीत. इंग्रजी पद्धतीने 'हल्दी' लिहिलं की तो वाचतो 'आल्दी'. आणि 'आल्दी' नावाची सुपरमार्केटची साखळी स्पेनमध्ये गावोगाव आहे.

स्पॅनिशमध्ये 'ह'च्या जवळचा आवाज 'जे' या अक्षराचा आहे, घशातून येणारा. म्हणून कंसात 'लेआसे', म्हणजे 'असं वाचा', लिहून पुढे 'जे'ने सुरू होणारं स्पेलिंग द्यायचं. मग पाहुणा बरोबर 'हाल्दी'च म्हणतो. 'लाजाहोम'चं उलट होतं. त्यातला 'जे' तो 'ख' वाचतो आणि 'एच' गाळतो, म्हणजे 'लाखाओम'. अशा नावाला उच्चार द्यायचा, किंवा तो विधी नाव न देता वर्णनानेच सांगायचा.

हळदीचं वर्णन सोपं आहे. हळदीला स्पॅनिशमध्ये 'कुर्कुमा' म्हणतात आणि तिथल्या स्वयंपाकघरात ती आता ओळखीची आहे. पत्रात एवढंच हवं की घरच्या बायका नवरदेव-नवरीला हळद लावतात, मग पाहुण्यांनाही लावतात आणि डाग कपड्यावरून निघत नाही. हे शेवटचं वाक्य विसरलं तर कुणाचा तरी तागाचा पांढरा शर्ट गेलाच म्हणून समजा.

अंतरपाट, अक्षता आणि 'सावधान'

आता मुख्य भाग. इथे एक चांगली गोष्ट आहे. आपल्या लग्नातले काही विधी स्पॅनिश जगातल्या चालीरीतींना इतके जवळचे आहेत की लांबलचक समजवायची गरज पडत नाही. जोड दाखवली की झालं.

अक्षता घ्या. भंडारा हा धानाचा जिल्हा, तांदूळ इथे प्रत्येक विधीत आहे. आणि स्पेनमध्ये, मेक्सिकोतही, नवं जोडपं चर्चमधून बाहेर पडलं की लोक त्यांच्यावर तांदूळच उधळतात. 'आर्रोस' म्हटलं की त्यांना लगेच कळतं. फरक दोन आहेत. आपला तांदूळ कुंकवाने किंवा हळदीने रंगवलेला असतो. आणि तो लग्न झाल्यावर नव्हे, लग्न लागतानाच, प्रत्येक मंगलाष्टक संपलं की टाकायचा असतो. हा दुसरा फरक लिहिला नाही तर पाहुणा मूठ धरून शेवटपर्यंत थांबतो आणि सगळं संपल्यावर एकटाच तांदूळ टाकतो.

आणि इथेच येतो तो शब्द. 'शुभमंगल सावधान' मधल्या 'सावधान'साठी शब्दकोश 'कुइदादो' देतो. पण 'कुइदादो' म्हणजे 'जपून, धोका आहे'. ओल्या फरशीजवळच्या पाटीवर तोच शब्द असतो. लग्नात दर दोन मिनिटांनी 'धोका आहे, धोका आहे' असं ओरडतात, हे वाचून पाहुणा काय समजणार? आपल्या 'सावधान'चा अर्थ 'लक्ष द्या, शुभ क्षण आला' असा आहे. त्यासाठी 'आतेन्सिओन' बरोबर बसतो. 'आतेन्सिओन, येगा एल मोमेन्तो प्रोपीसिओ', म्हणजे 'लक्ष द्या, शुभ क्षण येतो आहे'.

नवरीला मंडपात कोण आणतं, हेही सांगायला हवं. स्पॅनिश लग्नात मुलीचा हात धरून वडील चालतात. आपल्याकडे हे काम मामाचं. नुसतं 'काका' या अर्थाचं 'तिओ' लिहिलं तर वडील का नाहीत, वारले का, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. म्हणून 'तिओ मातेर्नो', आईचा भाऊ, आणि हा मान त्याचाच असतो, असं लिहायचं.

अंतरपाटाला 'पडदा' म्हणू नये, कारण 'कोर्तिना' म्हटलं की खिडकी डोळ्यांसमोर येते. 'उना तेला ब्लान्का', एक पांढरं कापड, हे नेमकं आहे. ते बाजूला झालं की दोघं एकमेकांना बघतात आणि हार घालतात. हाराला 'गिर्नाल्दा' म्हटलं तर नाताळची सजावट आठवू शकते, 'कोयारेस दे फ्लोरेस', म्हणजे फुलांचे हार, हे साधं आणि बरोबर.

मग लग्न 'लागतं' केव्हा?

स्पॅनिश लग्नात एक क्षण पक्का असतो. दोघं 'सी, किएरो' म्हणतात, म्हणजे 'हो, माझी इच्छा आहे'. पाहुणा आपल्याकडेही तो क्षण शोधत बसतो. आणि तो मिळत नाही, कारण आपल्याकडे नवरा-नवरीला कुणी मोठ्याने विचारतच नाही.

आपल्या लोकांसाठी शेवटचं मंगलाष्टक झालं, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली की लग्न लागलं. अर्धा मंडप जेवायला उठतो. कायदा मात्र वेगळं सांगतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधल्या कलम ७ प्रमाणे, ज्या पद्धतीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. म्हणजे लोक जेवत असताना होमाजवळ जे चालतं, तेच खरं निर्णायक असतं.

परदेशी पाहुण्याला हा भाग बघायचाच असतो. म्हणून पत्रात लिहायचं की हार घातल्यावर उठू नका, अजून सात पावलं आहेत. 'सिएते पासोस'. तांदळाच्या सात लहान राशी मांडतात, नवरी एकेका राशीवर पाऊल ठेवत जाते. अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि शेवटचं मैत्री. सातही शब्द पत्रात दिले तर उत्तम. 'आमिस्ताद', म्हणजे मैत्री, ही शेवटची आहे हे वाचून मित्र म्हणून आलेल्या माणसाला बरं वाटतं.

मेक्सिकोच्या पाहुण्यांसाठी इथे आणखी एक जोड आहे. त्यांच्या लग्नात जोडप्याच्या खांद्यांवरून एक दोर किंवा माळ आठच्या आकड्यासारखी घालतात, तिला 'लासो' म्हणतात. आपल्याकडे उपरणं आणि शालूची गाठ बांधतात. 'कोमो एल लासो', लासोसारखं, एवढे तीन शब्द लिहिले की काम झालं.

दोन ठिकाणी मात्र शब्द फार जपून वापरायचे. कन्यादानाचं 'मुलीचं दान' असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला वाटतं मुलगी वस्तूसारखी देऊन टाकली. 'आईवडील मुलीचा हात वराच्या हातात विश्वासाने देतात', असं विधीचं वर्णन लिहायचं. आणि मंगळसूत्रातले काळे मणी. काळा हा तिकडे शोकाचा रंगही आहे. ते मणी दृष्ट लागू नये म्हणून असतात, हे अर्ध्या ओळीत सांगावं.

कानपिळी सांगायला विसरू नये. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि बहिणीची काळजी घे म्हणून बजावतो. माहीत नसेल तर पाहुण्याला भांडण झालं असं वाटेल. माहीत असेल तर तो मोबाइल काढून पुढेच उभा राहील.

हे सगळं वैदिक पद्धतीच्या लग्नाचं झालं. भंडारा जिल्ह्यात बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे होम आणि सप्तपदी नसते, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील होतं आणि वधूवर पांढऱ्या कपड्यांत असतात. तिथे पत्र छोटं होतं, आणि पांढरी साडी पाहून स्पॅनिश पाहुण्याला उलट घरच्यासारखं वाटतं, कारण त्याच्याकडेही नवरी पांढऱ्यातच असते. एका घराचं पत्र दुसऱ्या घराने जसंच्या तसं वापरू नये, ते एवढ्यासाठीच.

'सहकुटुंब सहपरिवार' म्हणजे किती माणसं?

आपण लिहितो 'सहकुटुंब सहपरिवार येऊन'. कुणी पाच आले काय, सात आले काय, पंगत वाढते. स्पेनमध्ये लग्नाचं जेवण माणशी ताट मोजून ठरतं आणि नावाने बोलावलेलाच माणूस येतो. तिथे 'तुमच्या सगळ्या कुटुंबासह' वाचलं की माणूस गोंधळतो. आईला आणू? भावाच्या बायकोला? विचारायला लाजतो आणि शेवटी एकटाच येतो. म्हणून ज्यांना बोलवायचं त्यांची नावं लिहायची. घरच्यांनाही आणा असं मनापासून वाटत असेल तर तेही स्पष्ट लिहायचं.

आहेराचंही तसंच. स्पेनमध्ये पत्रिकेसोबत बँक खात्याचा नंबर देण्याची पद्धत आहे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मेक्सिकोत पाकिटातून पैसे द्यायच्या चालीला 'युविआ दे सोब्रेस', म्हणजे पाकिटांचा पाऊस, म्हणतात. म्हणजे पत्रात काहीच लिहिलं नाही तर पाहुणा खाते नंबर शोधत बसेल. 'आहेर आणू नये' हेही कोरडं वाटतं. 'सु प्रेसेन्सिआ एस एल मेहोर रेगालो', तुमचं येणं हाच मोठा आहेर, हे वाक्य तिकडे रुळलेलं आहे. इथे 'सु'चा अर्थ 'तुमचा' हाच हवा आहे, म्हणून ते चालतं.

जेवणाबद्दल तीन गोष्टी पुरतात. शाकाहारी, तिखट, दारू नाही. शेवटची लिहिलीच पाहिजे, कारण तिकडे वाइनशिवाय लग्नाचं जेवण होत नाही आणि पाहुणा भेट म्हणून बाटली घेऊन येऊ शकतो.

कपड्यांचं असं की त्यांच्याकडे पाहुण्याने पांढरं घालायचं नसतं आणि काळा चालतो. आपल्याकडे लग्नात काळा टाळतात. 'रंगीत, सुती, मंडपात अनवाणी' एवढं लिहायचं. 'सुती' महत्त्वाचं, कारण मे महिना म्हणजे स्पेनमध्ये वसंत आणि भंडाऱ्यात पारा ४४-४५ अंशांवर.

मग पूर्ण पत्र कसं दिसेल?

स्नेहाचं पत्र असं होईल. पहिली ओळ, 'नुएस्त्रास फामिलिआस तिएनेन ला आलेग्रीआ दे इन्वितार्लेस आ ला बोदा दे स्नेहा इ निखिल'. आमच्या कुटुंबांना स्नेहा आणि निखिल यांच्या लग्नाला तुम्हाला बोलावताना आनंद होत आहे.

मग तारीख. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखंच आधी दिवस, मग महिना, म्हणून इथे घोळ नाही. वार आणि महिन्याचं पहिलं अक्षर मात्र इंग्रजीसारखं मोठं करायचं नाही. मुहूर्ताची वेळ लिहिताना दोन वेळा द्यायच्या. 'येगादा', पोहोचायची वेळ, सकाळी ११. 'मोमेन्तो प्रोपीसिओ', मुहूर्त, ११:४७. आणि सोबत कारण, की ही वेळ पंचांगावरून काढलेली आहे. नाहीतर ४७ मिनिटं हा आकडा त्याला छपाईची चूक वाटतो आणि तो बाराला येतो.

मग विधी, प्रत्येकाला दोन ओळी. हळद, मामा आणि अंतरपाट, अक्षता, हार, सात पावलं, कानपिळी. इतके पुरेत. सीमांत पूजन, देवक, सूनमुख हे सगळं पत्रात घालायचा मोह होतो, पण ते शेजारी बसलेल्या चुलतभावाने सांगितलेलं जास्त लक्षात राहतं.

शेवटी प्रवास. भंडारा नकाशावर त्यांना सापडत नाही, म्हणून नागपूरवरून सांगायचं. मुंबई किंवा दिल्लीहून विमानाने नागपूर, तिथून पूर्वेला रस्त्याने साधारण ६० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्याला स्टेशनचं नाव 'भंडारा रोड' आहे आणि ते शहरात नसून वरठीला आहे, हे सांगावं लागतं. व्हिसा आधी काढायचा, म्हणून पत्र किमान तीन महिने आधी जायला हवं. गावातल्या पत्रिका लग्नाच्या पंधरा दिवस आधी वाटल्या तरी चालतं, ही नाही.

छापखान्यात काय बिघडतं?

शेवटचा धोका प्रेसमध्ये आहे. आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत मराठी मजकूर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवतात. त्या फॉन्टमध्ये डोक्यावर चिन्हं असलेल्या रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. स्पॅनिश मजकूर तिथे चिकटवला की मध्येच एखादा काना किंवा अर्धं अक्षर उगवतं, किंवा चिन्ह उडून जातं.

चिन्ह उडालं तर काय होतं? स्पॅनिशमध्ये 'एन' या अक्षरावर नागमोडी रेघ असली की 'न्य' होतो. वर्ष म्हणजे 'आन्यो'. रेघ गेली की उरतं 'आनो', आणि त्याचा अर्थ गुदद्वार. 'दोन वर्षांची मैत्री' असं लिहायला जाऊन काय छापलं जाईल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून स्पॅनिश पान घरीच युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करायचं. फोनच्या कीबोर्डवर ते अक्षर दाबून धरलं की रेघेचा पर्याय वर येतो. पान पीडीएफ करून प्रेसला द्यायचं, तिथे पुन्हा टाइप करू द्यायचं नाही. प्रूफ आलं की सगळं वाचता आलं नाही तरी तीन गोष्टी बघता येतात. नागमोडी रेघ आहे का, उद्गारवाचक वाक्याच्या सुरुवातीला उलटं चिन्ह आहे का, आणि स्वरांवरच्या तिरक्या रेघा पीडीएफमध्ये जितक्या होत्या तितक्याच आहेत का. मग त्याचा फोटो काढून स्पॅनिश बोलणाऱ्या एका मित्राला पाठवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "हे वाचून तू किती वाजता, काय घालून आणि कुणाला घेऊन येशील?" उत्तर बरोबर आलं तर पान छापायला द्यायचं.